पगार फारच कमी आहे, मुलाखतीला नाही म्हणू कसं?

सर, माझा मेकॅनिकल डिप्लोमा झाला आहे. हिंगणघाटच्या एका सूतगिरणीत मेंटेनन्सला आहे, हाती २०,००० पडतात. बुटीबोरीच्या कंपनीनं शुक्रवारी मुलाखतीला बोलावलं. अर्ज केल्यावर जाहिरात नीट वाचली, त्यात १२ ते १५ हजार सीटीसी लिहिलं आहे. मला २५ तरी पाहिजेत. न जाता गप्प बसलो तर चालेल का?

गप्प बसू नको. बुटीबोरीतल्या कंपन्यांचे एचआर एकमेकांना ओळखून असतात, आणि वेळ घेऊन न आलेला मुलगा त्यांच्या लक्षात राहतो.

आधी तो आकडा समजून घे. सीटीसी १५,००० म्हणजे हाती १५,००० नव्हेत. मूळ वेतन १०,००० धरलं, तर पीएफचे कंपनीचे १,२०० त्यातच मोजलेले असतात, तुझे १,२०० वेगळे कापले जातात. व्यवसाय कर २०० आणि ईएसआयचा दोन्हीकडचा वाटा गेला की हातात बारा हजारांच्या आसपास उरतात. त्यातून बुटीबोरीत खोलीचं भाडं. म्हणजे आजच्या पगारापेक्षा आठ हजार कमी. फरक दोन-तीन हजारांचा असता तर मी तुला जा म्हटलं असतं, कारण तेवढं बोलण्यात वाढतं. इथे वरचं टोकसुद्धा तुझ्या आजच्या पगाराला पोचत नाही.

तरी एकदा फोन करून विचार, "मॅडम, जाहिरातीतली रक्कम पक्की आहे, की अनुभवाप्रमाणे वाढते?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "या तर खरं, बसून बोलू." तेव्हा वाढीव आकडा व्हॉट्सॲपवर मागून घे. तो आला नाही, तर सुट्टी टाकून आणि दिवसाची मजुरी बुडवून जाण्यात अर्थ नाही.

मग बुधवारपर्यंत, जिथून बोलावणं आलं तिथेच, एवढंच लिहून पाठव:

"नमस्कार मॅडम. शुक्रवारच्या मुलाखतीसाठी बोलावल्याबद्दल आभारी आहे. या पदाचा पगार आणि माझी अपेक्षा यांत बरंच अंतर असल्यामुळे मी येऊ शकणार नाही. माझी अपेक्षा दरमहा हाती २५,००० रुपयांची आहे. पुढे तशी जागा निघाली तर जरूर कळवा."

घरी लग्न आहे, तब्येत बरी नाही, असं कारण लिहू नको. त्या सरळ पुढची तारीख देतील आणि तुला पुन्हा नवं कारण शोधावं लागेल. "एवढ्या पगारात कोण येईल" हेही नको, कारण पगार त्या मॅडम ठरवत नाहीत. आकडा मात्र लिहायलाच हवा. तो नसला तर पुढची मोठी जागा निघाली तरी त्यांना तुझी आठवण यायचं काही कारण राहत नाही.

उलट फोन आला आणि सध्याचा पगार विचारला, तर २०,००० च सांग. बऱ्याच कंपन्या शेवटच्या तीन महिन्यांच्या पगार स्लिपा मागतात, आणि फुगवलेला आकडा तिथे उघडा पडतो.