भावाला कमोडवर दोन-दोन तास लागतात, माकडहाडापाशी लाल डाग आलाय

प्रश्न: भावाला मानेत सी-६ ला इंजुरी आहे. एक दिवसाआड सकाळी कमोड चेअरवर बसवतो, बसवल्यावर सपोझिटरी देतो. दोन तास जातात, मधेच घाम येतो, डोकं ठणकतं. आता माकडहाडापाशी लाल डाग दिसतोय, आणि एवढं करून दुपारी खुर्चीत थोडं होतंच. काय बदलू? आम्ही उचगावला राहतो.

उत्तर:

ताई, आधी तो डाग. त्यावर बोट दाबून सोडा. पांढरा पडून परत लाल झाला तर कातडी अजून तग धरून आहे. दाबूनही लालच राहिला तर प्रेशर सोअरची पहिली पायरी समजा, मग डाग जाईपर्यंत कमोड पूर्ण बंद, सगळं बेडवर, आणि दिवसभरातही त्या जागेवर भार नको, कुशीवरच झोपवायचं. आपल्या सावळ्या कातडीवर लाली पटकन कळत नाही, म्हणून ती जागा आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागते का तेही हात लावून बघा.

मी पण मानेचाच पेशंट, बोटं चालत नाहीत, माझं सगळं बायको करते. त्यामुळं सांगतो, तुमचा खरा घोळ एकच आहे, औषध लागू पडायची वाट तुम्ही कमोडवर बघताय. कमोडच्या भोकामुळं दोन्ही कुल्ले फाकतात आणि माकडहाडावरची कातडी ताणून धरली जाते, त्यात कडक प्लॅस्टिक आणि भावाला तिथं काही जाणवत नाही, मग दोन तासांत डाग येणारच. वाट बेडवर बघायची, खुर्चीवर फक्त शेवटचा भाग करायचा.

आमच्याकडं असं चालतं. सकाळी सातला चहा आणि पोटभर नाष्टा, उप्पीट म्हणा, भाकरी-दूध म्हणा. पोटात गरम आणि भरपूर गेलं की आतडं आपोआप हलायला लागतं, तो जोर साधारण अर्ध्या तासात येतो, म्हणून उपाशीपोटी सुरू करू नका. मग डाव्या कुशीवर झोपवायचं, गुडघे पोटाकडं थोडे घेऊन मधे उशी, खाली अंडरपॅड. डावी कुस अशासाठी की मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग डावीकडं असतो.

आता सपोझिटरी. नखं कापलेली, अंगठी काढलेली, नायट्राइल ग्लोव्ह आणि भरपूर जेली. आधी बोटानं खाली आलेलं काढून घ्या, त्याशिवाय सपोझिटरी घालायचीच नाही. ही गोष्ट कुणी सांगत नाही, ती गोळी आतड्याच्या भिंतीला टेकली तरच काम करते, मळात रुतून बसली तर तास गेला तरी काही होत नाही आणि आपण औषधाला नावं ठेवतो. बिसाकोडिल १० मिग्रॅ घातली की पंधरा ते तीस मिनिटं तसंच कुशीवर पडू द्या. गॅस सरला किंवा थोडं बाहेर आलं की समजायचं, गाडी सुरू झाली.

त्यानंतर बोटानं स्टिम्युलेशन. बोट साधारण एक इंच आत, भिंतीला हलकं टेकवून गोल फिरवायचं, पंधरा-वीस सेकंद, फार तर एक मिनिट. खोदायचं नाही, जोर लावायचा नाही. बाहेर येऊ द्या, मग पाच-दहा मिनिटं थांबून परत. सी-६ ला स्पिंक्टर, म्हणजे गुदद्वार आवळून धरणारा स्नायू, घट्ट असतो पण त्याचा रिफ्लेक्स शाबूत असतो, म्हणून हे लागू पडतं. कमरेखालच्या इंजुरीत बहुतेक वेळा तो ढिला असतो, तिथं हे चालत नाही, हातानंच काढावं लागतं, त्यामुळं तुमच्या ओळखीच्या दुसऱ्या पेशंटची पद्धत उचलू नका.

दुपारी खुर्चीत होतं ते बहुतेक अर्धवट सोडल्यामुळं. पूर्ण झालं असं कधी म्हणायचं, तर दहा मिनिटांच्या अंतरानं दोनदा स्टिम्युलेशन केलं आणि काही आलं नाही, किंवा नुसता चिकट स्राव आला, आणि बोटाभोवती स्पिंक्टर आवळला. तोपर्यंत उठवू नका. सगळं मिळून तासाभरात आटोपायला हवं.

घाम आणि ठणका याला हलकं घेऊ नका ताई. छातीमागच्या टी-६ मणक्याला किंवा त्याच्या वर, म्हणजे मानेतही, इंजुरी असली आणि खाली टोचलं, ताणलं की बीपी उसळतं, डॉक्टर त्याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. चेहरा लाल होतो, अंगावर काटा येतो, नाक चोंदतं. लगेच बोट काढा, डोक्याकडची बाजू उंच करून बसवा, पाय खाली सोडा, कपडे सैल करा, कॅथेटरची नळी मुडपलीय का आणि ब्लॅडर भरलंय का ते बघा. भावाचं नेहमीचं बीपी लिहून ठेवा, आमच्यासारख्यांचं वरचं ९०-१०० च असतं, मग १३० सुद्धा आमच्यासाठी जास्त, आणि कॅज्युअल्टीत नवीन डॉक्टरला तो आकडा नॉर्मल वाटतो. उतरलं नाही तर घरी वाट बघायची नाही, दवाखान्यात न्यायचं. बोट घालायच्या काही मिनिटं आधी लिग्नोकेन २ टक्के जेली लावली तर बराच फरक पडतो, पण पहिल्यांदा डॉक्टरला विचारून.

डाग गेला की मग कमोड, तोही पंधरा-वीस मिनिटांपुरता. पाय लोंबकळू देऊ नका, पाट ठेवून गुडघे कमरेपेक्षा थोडे वर घ्या. सीटला गाडीच्या सीटकव्हरवाल्याकडून फोम आणि रेक्झिन मारून घ्या, शिवण भोकाच्या काठावर नको. दर दहा मिनिटांनी छातीवर उशी धरून त्याला पुढं वाकवा, कुणीतरी धरून. उतरवताना ओढू नका, उचला, ओली कातडी प्लॅस्टिकला चिकटते आणि तिथंच सोलते. आणि हवेची रिंग, ती मधे भोक असलेली, कुणी दिली तरी वापरू नका, कडेनं दाब पडून मधल्या कातडीचं रक्त आणखी कमी होतं.

शेवटी साध्या कोमट पाण्यानं धुवायचं, मऊ कापडानं टिपायचं, चोळायचं नाही. डेटॉल नको, टाल्कम पावडर नको, तिचे गोळे होऊन कातडी घासते. झिंक ऑक्साइडचं पातळ बोट फिरवलं तर पुरे. मग मोबाइलवर फोटो काढा, रोज एकाच उजेडात, म्हणजे डाग वाढतोय का कळतं.

इसबगोल देत असाल तर त्यासोबत पाणी भरपूर हवं, नाहीतर तेच आत घट्ट गोळा होऊन बसतं. डॉक्टरांनी पाणी मोजून दिलंय त्यांनी आधी विचारा. आणि सगळं एकदम बदलू नका. पहिले दोन आठवडे फक्त जागा आणि वेळ बदला, औषध आहे तेच ठेवा, म्हणजे कशानं फरक पडला ते कळेल. मधेच नुसतं पातळ पाणी यायला लागलं तर जुलाब थांबवायची गोळी देऊ नका, वर घट्ट अडकून बाजूनं झिरपत असू शकतं. पोट टणक फुगलं, उलटी झाली किंवा रक्त जास्त दिसलं तर सपोझिटरी न घालता सरळ डॉक्टरकडं.