उन्हाळ्यात घर बंद करताय? सोलरमधलं पाणी काढू नका

> २८ एप्रिलपासून साधारण चार आठवडे बाहेर आहोत. इंदिरानगरचं घर पूर्ण बंद. गच्चीवर टाकी आणि काचेच्या नळ्यांचा सोलर, बाथरूममध्ये गीझर. जाताना सगळ्यातलं पाणी काढून टाकायचं ठरवलंय. काही राहतंय का?

सोलर सोडून बाकी सगळं ठीक आहे. सोलरचं पाणी मात्र कृपया काढू नका. तुमची पोस्ट वाचली आणि आमचा मे महिना आठवला, म्हणून जरा लांबण लावतो.

आम्ही बावीस दिवसांसाठी गेलो होतो. निघताना मी अगदी मन लावून सगळं रिकामं केलं. टाकीचा कॉक बंद, मोटरचा एमसीबी खाली, घरातले नळ उघडून पाइपातलं पाणी सोडलं आणि शेवटी सोलरच्या टाकीचा ड्रेन उघडून तीही मोकळी केली. शिळं पाणी नको, गळतीची भीती नको, एवढाच विचार. परत आलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. प्रवासाने सगळे घामेजलेले, आंघोळीला पाणी हवं, म्हणून सामान खाली ठेवून थेट गच्चीवर गेलो आणि सोलरच्या थंड पाण्याचा कॉक उघडला. अर्ध्या मिनिटात ताडकन आवाज झाला. मग दुसरा, मग तिसरा. नळ्यांतून पाणी गच्चीवर धो धो वाहायला लागलं. कॉक बंद केला तेव्हा पायाशी काचांचा सडा होता आणि मागून पोरगा अनवाणी वर येत होता. त्याला ओरडून जिन्यातच थांबवलं. तो क्षण आठवला की अजून पोटात गोळा येतो.

झालं काय ते नंतर कळलं. सोलरची टाकी रिकामी केली म्हणजे नळ्या रिकाम्या होत नाहीत. नळ्या टाकीतून खाली तिरक्या लटकतात आणि त्यांचं खालचं टोक बंद असतं. त्यामुळे प्रत्येक नळीत अडीच-तीन लिटर पाणी उरतंच. टाकीतून नवीन पाणी येत नाही आणि वर मे महिन्याचं ऊन, तेव्हा ते पाणी वाफ होऊन आठवड्या-दीड आठवड्यात उडून जातं. मग कोरडी नळी तापत राहते. काचेच्या दोन थरांमध्ये निर्वात पोकळी असल्याने आतली उष्णता बाहेर पडत नाही, आणि भर उन्हात आतली काच २०० अंशांच्याही वर जाऊ शकते. अशा काचेवर थंड पाणी पडलं की ती तडकणारच.

आणि हे मी न विचारता केलं नव्हतं. जायच्या आधी सोलर बसवणाऱ्यांच्या ऑफिसला फोन करून स्पष्ट विचारलं होतं, "महिनाभर नसणार आहोत, पाणी काढू का?" पलीकडून उत्तर, "हो साहेब, काढा ना सगळं." ऊन किती, नळ्या झाकणार का, परत भरणार कधी, एक प्रश्न नाही. नळ्या फुटल्यावर त्याच ऑफिसने सांगितलं की काच फुटणं वॉरंटीत येत नाही. तीन चकरा मारल्या, दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून गोष्ट सांगायची. नळ्यांचे पैसे गेले त्याचं एवढं नाही, पण फोनवर "झाकून जा" हे दोन शब्द कोणी सांगितले असते तर हे घडलं नसतं, याचा राग अजून गेलेला नाही.

माझं स्पष्ट मत असं, की "घर बंद तर सगळं पाणी बाहेर" हा नियम बर्फ पडणाऱ्या देशांतला आहे. तिथे पाइपातलं पाणी गोठून पाइप फुटतात. आपल्याकडे निफाडला कधी कधी दव गोठतं, पण त्याने घरातले पाइप फुटत नाहीत. आपल्याला दोनच गोष्टी सांभाळायच्या असतात, घरात गळती आणि गच्चीवर ऊन. गळतीसाठी घरातली लाइन रिकामी करा. उन्हासाठी सोलर भरलेला ठेवा.

म्हणजे टाकी भरून ठेवा आणि घरात उतरणाऱ्या पाइपाचा कॉक बंद करा, पण टाकीकडून सोलरला जाणारा कॉक उघडाच राहू द्या. बऱ्याच घरांत हे दोन पाइप वेगळे असतात. कुठला कशाचा ते आधीच एकेक बंद करून तपासा, निघायच्या सकाळी गडबडीत नको. दोन्हींना मिळून एकच कॉक असेल तर घराच्या बाजूला वेगळा कॉक बसवून घ्या, प्लंबरचं तासाभराचं काम आहे. सोलरमधून खाली येणाऱ्या गरम पाण्याचा कॉक बंद करा. मग घरातला सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा नळ उघडा, म्हणजे वरून हवा शिरते आणि पाइप खरोखर मोकळा होतो. सोलरच्या टाकीवरचा हवेचा उभा पाइप कधीही बुजवू नका, वाफ तिथूनच निघते. सोलरला बॅकअप कॉइल असेल तर तिचा स्विचही बंद.

नळ्यांवर जुनी जाड चादर किंवा ताडपत्री टाका आणि सुतळीने खालून-वरून घट्ट बांधा, कारण वळवाच्या आधीचा वारा नुसती टाकलेली चादर शेजारच्या गच्चीवर नेऊन टाकतो. बांधायचं काम संध्याकाळी करा.

हे माझ्या साध्या, हवेचा पाइप असलेल्या सोलरबद्दल आहे. प्रेशर पंपावरचा बंद सोलर असेल तर त्याचं पुस्तक बघा, माझं ऐकू नका.

गीझरचं म्हणाल तर चार आठवड्यांसाठी रिकामा करायची गरज नाही असं मला वाटतं. एमसीबी बंद, मग आत येणाऱ्या पाण्याचा कॉक बंद, एवढं पुरे. तरी करायचाच असेल तर गरम नळ उघडून तो रिकामा होत नाही, कारण गरम पाणी वरच्या टोकातून बाहेर पडतं. पूर्ण थंड झाल्यावर गरम नळ हवेसाठी उघडा ठेवायचा आणि खालच्या सेफ्टी व्हॉल्वची दांडी उचलून पाणी बादलीत काढायचं. परत आल्यावर गरम नळाला अखंड धार येईपर्यंत स्विच लावू नका. कोरडी कॉइल जळते.

अजून एक, मोरीच्या आणि बाथरूमच्या जाळीखालचं पाणी उन्हाळ्यात आटतं आणि मग वास येतो, झुरळं येतात. निघताना प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता आणि वर चमचाभर गोडंतेल सोडा. तेलाचा थर पाणी लवकर उडू देत नाही.

परत आल्यावर आधी सोलरच्या गरम पाण्याचा कॉक सोडा, मग गरम नळ हळूच, खाली बादली ठेवून उघडा. झाकूनही आतलं पाणी कडकडीत असू शकतं, लहान मुलं जवळ नकोत. पाणी आलंच नाही, म्हणजे सोलर कोरडा पडला असं धरा. अशा वेळी चादर काढू नका, थंड पाण्याच्या कॉकला हात लावू नका आणि तो उघडा असल्याने मोटर लावून टाकीही भरू नका. दुसऱ्या दिवशी पहाटे, ऊन पडायच्या आधी भरा, आणि मगच चादर सोडा. नळीच्या बंद टोकाला चंदेरी झिलई असते, ती दुधासारखी पांढरी दिसली तर ती नळी गेली. आमच्या राहिलेल्या सात नळ्यांपैकी एकीचं टोक असंच पांढरं निघालं होतं.