पुण्यातली पहिली नोकरी: घर गावाच्या रस्त्यावर की कामाच्या?

"मुलगी येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत कॅम्पसमधून तिची निवड झाली असून नेमणूक पुण्यात असेल, एवढेच पत्रात लिहिले आहे. तिची मावशी मांजरीला राहते. तिथेच जवळ वन बीएचके भाड्याने घ्यावा, जमल्यास पुढे विकतच घ्यावा, म्हणजे सोलापूरला येणे-जाणे सोपे होईल, असा आमचा विचार आहे. मैत्रिणी मात्र हिंजवडीला राहा म्हणतात. पुण्यात या नोकऱ्या नेमक्या कुठे जास्त आहेत आणि घर कुठे घ्यावे?"
— एक पालक, जुळे सोलापूर

सप्रेम नमस्कार.

सोलापूरची एसटी असो वा रेल्वे, पुण्यात शिरते ती हडपसरच्या बाजूने. त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेक कुटुंबांना पुणे म्हणजे हडपसर, मांजरी, फुरसुंगी हाच पट्टा ओळखीचा असतो आणि मुलांचे पहिले बिऱ्हाडही स्वाभाविकपणे तिथेच मांडले जाते. पुण्यातल्या सॉफ्टवेअरच्या नोकऱ्या मात्र शहराच्या दोन टोकांना एकवटलेल्या आहेत, आणि नवशिक्यांना मोठ्या संख्येने घेणारे टोक नेमके आपल्या ओळखीच्या पट्ट्याच्या विरुद्ध बाजूला आहे. आपला निर्णय या एका गोष्टीवर अवलंबून असल्यामुळे ती थोडी विस्ताराने सांगतो.

पश्चिमेचे टोक म्हणजे हिंजवडी. मुळशी तालुक्यातील हिंजवडी आणि माण या गावांच्या जमिनीवर एमआयडीसीने उभारलेले राजीव गांधी इन्फोटेक पार्क तेथे आहे आणि त्याचे तीन टप्पे आहेत. त्यांना सगळे फेज वन, टू, थ्री असेच म्हणतात. इन्फोसिसची संकुले पहिल्या दोन टप्प्यांत आहेत, विप्रो दुसऱ्या टप्प्यात, तर टीसीएस आणि टेक महिंद्रा यांची मोठी संकुले तिसऱ्या टप्प्यात आहेत. इतरांसाठी सॉफ्टवेअर तयार करून देणाऱ्या, म्हणजे सेवा पुरवणाऱ्या या कंपन्या आहेत, आणि महाविद्यालयांतून एकदम मोठ्या तुकड्या उचलतात त्या प्रामुख्याने अशाच कंपन्या. पूर्वेचे टोक खराडीपासून मगरपट्ट्यापर्यंत पसरलेले आहे. खराडीत ईऑन आणि वर्ल्ड ट्रेड सेंटर, हडपसरला मगरपट्टा सायबर सिटी, फुरसुंगीला एसपी इन्फोसिटी, आणि विमाननगर, कल्याणीनगर, येरवडा या भागांत अनेक इमारती आहेत. इकडेही सेवा पुरवणाऱ्या कंपन्या आहेत, पण खराडी-येरवड्याचा रंग थोडा निराळा आहे. परदेशी बँका आणि मोठे उद्योग यांनी स्वतःच्या कामासाठी उघडलेली तंत्रज्ञान केंद्रे या बाजूला बरीच आहेत आणि ती दोन-चार वर्षांचा अनुभव असलेल्यांना अधिक पसंत करतात. बाणेर, बालेवाडी, सेनापती बापट रस्ता आणि तळवडे येथेही कचेऱ्या आहेत, पण तेथील नोकऱ्यांची संख्या या दोन टोकांच्या मानाने कमी.

याचा अर्थ असा की आपल्या मुलीची पहिली नोकरी हिंजवडीत असण्याची शक्यता अधिक आहे आणि दुसरी नोकरी खराडीत लागण्याची शक्यताही चांगली आहे. हा नियम नव्हे, कल आहे. परंतु घराचा विचार करताना तो डोळ्यांसमोर ठेवावाच लागतो.

आता मांजरीचा हिशेब करून पाहू. मांजरीहून हिंजवडीच्या पहिल्या टप्प्यापर्यंतचे अंतर ढोबळमानाने तीस किलोमीटर धरावे. तिसरा टप्पा हिंजवडीच्या शिवाजी चौकापासून आणखी पाच-सहा किलोमीटर आत आहे. सकाळी आणि संध्याकाळी संपूर्ण शहर ओलांडायचे असल्यामुळे एका बाजूला पावणेदोन तास, म्हणजे रोजचे साडेतीन तास लागतील असे धरून चालावे. मेट्रोने सुटका होईल असे वाटते, पण वनाज ते रामवाडी ही मार्गिका हडपसरला येत नाही आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट ही मार्गिका वाकड-हिंजवडीला जात नाही. मांजरीहून दौंडची लोकल किंवा बस पकडून पुणे स्टेशन गाठायचे, तेथून मेट्रोने सिव्हिल कोर्ट, तेथे मार्गिका बदलून पुढे, आणि शेवटी पुन्हा बस किंवा रिक्षा, अशी ही साखळी आहे; तिच्यातली एक कडी चुकली की वेळेचे गणित कोसळते. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या तिसऱ्या मार्गिकेचा मुहूर्त अनेकदा पुढे गेलेला आहे. घर ठरवायच्या दिवशी ती पूर्ण अंतर धावत असेल तरच तिचा हिशेबात समावेश करावा. आणि ती धावू लागली तरी शिवाजीनगर ते मांजरी हा तुकडा शिल्लक राहतोच.

आठवड्यातून पाच दिवस कचेरीत जायचे असेल, तर महिन्याच्या बावीस दिवसांचे सत्याहत्तर तास रस्त्यावर जातात. तीनच दिवस जायचे असले, तरी पंचेचाळीसच्या आसपास. आता सोलापूरच्या फेरीचा हिशेब पाहा. मुलगी महिन्यातून दोनदा घरी आली आणि हिंजवडीला राहत असल्यामुळे तिला प्रत्येक वेळी जाताना आणि येताना पावणेदोन तास जास्त लागले, तरी महिन्याचे सात तास होतात. सत्याहत्तर तास घालवून सात तास वाचवण्याचा हा व्यवहार आहे. सोलापूरला जाणे सोपे व्हावे ही आपली इच्छा मी मनापासून समजू शकतो, परंतु तिची किंमत रोज मुलीला मोजावी लागेल, आणि ती मोजायची ते दिवस नेमके काम शिकून घेण्याचे असतील.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे येऊन गेलेल्या अक्कलकोट रस्त्यावरच्या एका विद्यार्थ्याने हेच केले होते. त्याला सुरुवातीला आठवड्यातून दोनच दिवस हिंजवडीत जावे लागे, म्हणून त्याने हडपसरला भावाच्या शेजारी अकरा महिन्यांच्या कराराने सदनिका घेतली. चौथ्या महिन्यात कंपनीने पाचही दिवस येणे सक्तीचे केले. करारात सहा महिन्यांचा लॉक-इन होता, म्हणजे त्याआधी घर सोडल्यास अनामत रकमेतून भाडे कापले जाणार होते. दोन महिने तो रात्री साडेनऊला घरी पोहोचत राहिला आणि ज्या प्रमाणपत्र परीक्षेच्या जोरावर त्याला चांगला प्रकल्प मिळणार होता, ती त्याने दिलीच नाही. भावाची भेटही रविवारीच होत असे.

म्हणून पहिले काम घर शोधण्याचे नाही, पत्ता मिळवण्याचे आहे. आपल्या हातातील पत्रात फक्त "पुणे" असणे अगदी नेहमीचे आहे. काही कंपन्या नव्या मुलांना आधी प्रशिक्षणासाठी परगावी पाठवतात. इन्फोसिसचे प्रशिक्षण केंद्र म्हैसूरला आहे हे आपण ऐकले असेल. रुजू होण्याच्या पत्रात संकुलाचा पत्ता येतो, पण तोही पहिल्या काही दिवसांपुरता असू शकतो, कारण खरी जागा प्रकल्प मिळाल्यावर ठरते आणि एकाच कंपनीच्या कचेऱ्या शहराच्या दोन्ही टोकांना असू शकतात. तोपर्यंत मुलीला पीजीमध्ये किंवा मुलींच्या वसतिगृहात, महिन्याच्या नोटिशीवर सोडता येईल अशा ठिकाणी ठेवावे. प्रकल्प मिळाला की तिने वरिष्ठांना तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: बसण्याची जागा कोणती, आठवड्यातून किती दिवस यायचे, आणि कामाची पाळी कोणती.

कामाच्या पाळीचा प्रश्न मुलीच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत महिलेला तिच्या संमतीनेच काम देता येते आणि तिला घराच्या दारापर्यंत वाहनाने सोडण्याची व्यवस्था करावी लागते. मात्र कंपन्यांची वाहने कोणत्या भागापर्यंत जातात, याच्या हद्दी त्यांनी ठरवलेल्या असतात. घर त्या हद्दीत आहे का, हे करार करण्यापूर्वी विचारून घ्यावे.

जागा हिंजवडीची ठरली, तर पर्याय मुख्यतः दोन उरतात. वाकड महापालिकेच्या हद्दीत आहे. दवाखाने, दुकाने, रिक्षा, बस यांची सोय चांगली आहे, परंतु रोज मुंबई-बंगळुरू महामार्ग ओलांडून जावे लागते आणि भूमकर चौक व वाकडचा पूल येथेच वाहने तुंबतात. माण, मारुंजी किंवा खुद्द हिंजवडी गावात राहिले तर ही कोंडी टळते, पण कित्येक सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर असतात आणि रात्री उशिरा आतल्या रस्त्यांवर रहदारी तुरळक असते. कचेरी पहिल्या टप्प्यात आणि पाळी दिवसाची असेल, तर मी वाकड सुचवेन. तिसऱ्या टप्प्यात असेल, तर माणच्या बाजूची, सुरक्षारक्षक असलेली सोसायटी किंवा पीजी पाहावे आणि पाण्याविषयी मालकाला न विचारता तेथे राहणाऱ्यांना विचारावे. जागा खराडी किंवा मगरपट्ट्याची निघाली, तर आपला मांजरीचा विचार उत्तम आहे, त्यात काहीही बदलू नये.

एक सूचना आवर्जून करतो. आपल्याकडचे पालक खोली पाहायला रविवारी जातात. त्या दिवशी रस्ते मोकळे असतात आणि तासाभरात सगळे शहर ओलांडता येते, म्हणून "एवढेच तर अंतर आहे" असे वाटते. शक्य असेल तर मंगळवारी किंवा बुधवारी जावे, सकाळी साडेआठला त्या घरापासून कचेरीच्या दारापर्यंत मुलीने ज्या साधनाने रोज जायचे आहे त्याच साधनाने जावे आणि संध्याकाळी साडेसहाला परत यावे. एका बाजूला पाऊण तासापेक्षा जास्त लागला, तर ते घर मनातून काढून टाकावे.

भाड्याचा करार लिव्ह अँड लायसन्स स्वरूपाचा, नोंदणीकृतच असावा. महाराष्ट्रात तशी सक्ती आहे आणि नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते. लॉक-इन तीन महिन्यांपेक्षा जास्त मान्य करू नये, कारण प्रकल्प बदलला की जागा बदलते.

सदनिका विकत घेण्याविषयी मात्र माझे मत स्पष्ट आहे: निदान पहिली तीन वर्षे घेऊ नये. सुरुवातीच्या पगारातून वीस वर्षांचा हप्ता बांधला, की दुसऱ्या टोकाची चांगली नोकरी समोर आली तरी मुलगी आधी घराकडे पाहील. ज्या वयात नोकरी बदलून पगार आणि कामाचा दर्जा दोन्ही वाढवता येतात, त्याच वयात तिचे पाय एका उपनगराला बांधले जातील.

मावशींच्या घराचा उपयोग वेगळ्या रीतीने करता येईल. घरी यायचे असेल त्या शुक्रवारी मुलीने हिंजवडीहून थेट सोलापूर गाठण्याचा खटाटोप करू नये; संध्याकाळी सहाच्या सुमारास सुटणारी हुतात्मा तिला मिळणार नाही आणि सातनंतरची वंदे भारतही दगदगीची ठरेल. रात्री मांजरीला मुक्काम करावा आणि शनिवारी पहाटे हडपसरहून सोलापूरची एसटी पकडावी. दुपारच्या जेवणाला ती आपल्या घरी असेल.

आपला,
करिअर मार्गदर्शक, सोलापूर