नकार रंगाला, माणसाला नव्हे

«मी सलूनमध्ये कलरिस्ट आहे. ग्राहक मोबाइलवर फोटो दाखवून रंग मागतात आणि तो केला तर केस तुटतील हे मला हात लावताच कळते. पण नाही म्हटले की, ‘तुम्हाला येत नाही, असे सांगा ना,’ असे ऐकावे लागते. समोरच्याला न दुखावता काय बोलावे?»

हेच दुखणे घेऊन नाशिकमधील एक कलरिस्ट काही काळापूर्वी माझ्याकडे आली होती. तिच्यापुढे बसलेल्या मुलीचा साखरपुडा बारा दिवसांवर आला होता आणि तिला कमरेपर्यंतच्या केसांना अॅश ब्लाँड, म्हणजे राखाडी झाक असलेला फिकट सोनेरी रंग, हवा होता. त्या केसांवर पाच महिन्यांपूर्वी रिबाँडिंग झाले होते आणि त्याआधी दोनदा काळी मेहंदी लागली होती. कलरिस्टने घाईघाईने ‘तुमचे केस खूप खराब आहेत, जमणार नाही’ असे सांगितले. मुलगी रडवेली झाली, आईचा आवाज चढला आणि मालकांनी ‘संमतीपत्रावर सही घ्या आणि करून टाका’ असा निरोप पाठवला. तिने कसाबसा एक दिवसाचा अवधी मागून घेतला आणि ती माझ्याकडे आली.

मी तिला प्रथम विचारले, की केस तुटतील हे तू त्या दोघींना दाखवलेस, की नुसते सांगितलेस? तिने फक्त सांगितले होते. कलरिस्टच्या बोटांना जे जाणवते ते ग्राहकाला दिसत नाही, त्यामुळे पुराव्यावाचून दिलेला नकार त्याला मर्जी किंवा असमर्थता वाटतो. दुसरी चूक शब्दांची होती. ‘तुमचे केस खराब’ हे वाक्य साखरपुडा तोंडावर आलेल्या मुलीला स्वतःच्या रूपावरचा शेरा वाटते.

म्हणून आम्ही असे ठरवले, की दुसऱ्या दिवशी निर्णयाची भाषाच काढायची नाही. आधी बटेची चाचणी करायची. कानामागच्या आतल्या थरातून, जिथे मेहंदी आणि रिबाँडिंग दोन्ही लागले आहे अशा ठिकाणची, वीस-पंचवीस केसांची बारीक बट मुलीच्या परवानगीने कापून घ्यायची. काही काळ्या मेहंद्यांमध्ये धातूंचे क्षार असतात आणि ब्लीचमधल्या पेरॉक्साइडशी गाठ पडली की केस तापू शकतात, म्हणून तिच्यातले काही केस आधी २० व्हॉल्यूम, म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइडमध्ये अमोनियाचे थोडे थेंब घालून अर्धा तास ठेवायचे. बुडबुडे आले किंवा भांडे गरम झाले, तर ब्लीचचा विषय तिथेच संपतो. येथे तसे झाले नाही. मग उरलेल्या बटेवर २० व्हॉल्यूमचे ब्लीच लावून दर दहा मिनिटांनी ती पुसून पाहण्यात आली. चाळीस मिनिटांनंतरही रंग तांबूस-नारिंगीच्या पुढे सरकला नव्हता, आणि अॅश ब्लाँडसाठी तर केस फिकट पिवळ्यापर्यंत उतरावे लागतात. बट धुऊन कलरिस्टने ती मुलीच्याच हातात दिली आणि हलकेच ओढून पाहायला सांगितले. धडधाकट ओला केस थोडा ताणला जाऊन पुन्हा मूळ लांबीवर येतो. हा रबरासारखा लांबला, परत आला नाही आणि तुटला.

त्यानंतर तिने जे बोलायचे ते आम्ही आधीच घोटून ठेवले होते: «तुम्ही निवडलेला रंग सुंदर आहे आणि तो तुम्हाला का हवा आहे हे मला समजते. पण ही बट जशी तुटली तसे केस साखरपुड्याआधी तुटू शकतात, म्हणून आज या केसांवर मी ब्लीच लावणार नाही. त्या दिवशी तो रंग दिसावा यासाठी आपण काय करू शकतो ते मी सांगते.» ‘आज’ आणि ‘या केसांवर’ हे शब्द गाळू नकोस, असे मी तिला बजावले होते, कारण नकाराची हद्द त्यांच्यामुळेच ठरते. रंग संपला आहे किंवा मशीन बिघडले आहे अशी सबब तर मुळीच सांगू नये. मुलगी दुसरीकडे जाईल आणि धोक्याची माहिती तिच्यासोबत जाणार नाही.

पर्याय दोन होते: साखरपुड्यासाठी त्याच छटेच्या, क्लिपने लावायच्या बटा, आणि पुढे दर दोन-तीन महिन्यांनी टोके कापत नवे केस वाढू देणे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे दुसऱ्या मार्गाला काही वर्षे लागतील, हेही तिने लपवले नाही. काळ्या रंगावर फिकट रंग नुसता चढवून तो उजळत नाही, हे आईला समजावण्यात मात्र बराच वेळ गेला.

‘दुसरीकडे करून देतील,’ असे आई म्हणाल्याच. त्यावर कलरिस्टने वाद घातला नाही. रिबाँडिंगचा महिना आणि मेहंदीचे नाव तिने कागदावर लिहून दिले आणि तिथेही आधी बटेची चाचणी करून घ्या, एवढेच सांगितले. मालकांना मी सुचवलेले उत्तरही सरळ होते: सहीमुळे दोष कोणाचा हे ठरेल, केस तुटायचे थांबणार नाहीत. तुटलेली बट पाहिल्यावर त्यांनी संमतीपत्राचा आग्रह सोडला.

मुलीने क्लिपच्या बटा घेतल्या. चाचणीची तारीख आणि ती बट ग्राहकनोंदीच्या कार्डाला चिकटवलेली आहे. पुढच्या वेळी ती आली की नव्याने वाढलेल्या केसांची चाचणी घेऊनच बोलणे सुरू होईल.