गटावरच्या वाणसामानाची यादी लावताना
घरच्या व्हॉट्सॲप गटावरच्या संदेशांच्या स्क्रीनशॉटवरून यादी लावताना प्रत्येक नोंद पाठवणाऱ्याच्या नावासह आणि वेळेसह उतरवून घ्यावी. संदेशाच्या शेवटी Read more दिसत असेल, तर उरलेली यादी चित्रात आलेलीच नाही असे समजावे. मग किराणा, भाजी, दूधदुभते असे विभाग पाडावेत. हिरवी मिरची भाजीत आणि सुकी किराण्यात जाते, म्हणून नुसत्या ‘मिरची’ला विचारल्याशिवाय जागा देऊ नये. खरी कसोटी दुबार नोंदींची असते. सकाळी आईने ‘शेंगदाणे अर्धा किलो’ आणि दुपारी वहिनीने ‘दाणे पाव किलो’ लिहिले असेल, तर वस्तू एकच धरून 750 ग्रॅम लिहावे. मात्र दोन्ही संदेश एकाच व्यक्तीचे असतील, तर दुसरा बहुधा दुरुस्तीचा असतो आणि तिथे बेरीज करण्यापूर्वी विचारणेच बरे. दाण्याच्या कुटाची ओळ अर्थातच वेगळी राहते.