ई-वे बिलाच्या फोटोतून माहिती काढून इनव्हॉइसशी कशी जुळवावी?

ट्रक ड्रायव्हर ई-वे बिलाचा फोटो पाठवतो. त्यातला गाडी नंबर, मालाची किंमत आणि एचएसएन कोड काढून इनव्हॉइसशी ताडायचे आहेत. ओसीआर नंबर चुकीचे वाचतो, रक्कमही जुळत नाही. काय करू?

उत्तर:

रकमेपासून सुरू करा, कारण तिथे बहुधा ओसीआरची चूक नसतेच. ई-वे बिलावरची किंमत करासकट असते आणि आपण ती करपात्र रकमेशी ताडतो. समजा करपात्र रक्कम ८४,००० आणि १८ टक्के जीएसटी १५,१२०. तर बिलावर ९९,१२० दिसणार. इनव्हॉइसच्या एकूण रकमेशी ताडा, राउंड-ऑफसाठी एखादा रुपया सोडा. (एकाच इनव्हॉइसवर करमुक्त मालही असेल, तर तो या किमतीत धरत नाहीत.)

गाडी नंबर भाग-ब मध्ये असतो. वाटेत गाडी बदलली की तिथे नवी ओळ येते, म्हणून ताजी नोंद घ्या. `MH12A81234` असं वाचलं गेलं, तर शेवटचे चार अंक बाजूला काढा. `MH12` नंतर उरलेल्या `A8` च्या जागी अक्षरंच हवीत, म्हणजे `8` हा मुळात `B`. दिल्लीच्या नंबरात जिल्ह्याचा अंक एकच असू शकतो, तिथे मात्र हा नियम डोळे झाकून लावू नका.

एचएसएन पूर्ण जुळायचा हट्ट नको. बिलावर `7318` आणि इनव्हॉइसवर `73181500` असेल, तर सुरुवातीचे आकडे सारखे आहेत एवढं पुरे. `7318` ऐवजी `7313` आलं, तर आधी फोटो मोठा करून बघा, मग ड्रायव्हरला फोन लावा.