कालरेषेवरच्या तारखांमधून कारण-परिणामाचे उत्तर कसे लिहावे?

*संयुक्त महाराष्ट्र चळवळीची कालरेषा वर्गात एका स्लाइडवर दिली आहे: १९४६ बेळगाव साहित्य संमेलन, १९४८ दार आयोग, सप्टेंबर १९५३ नागपूर करार, डिसेंबर १९५३ राज्य पुनर्रचना आयोग, नोव्हेंबर १९५५ गोळीबार, फेब्रुवारी १९५६ समिती, नोव्हेंबर १९५६ द्वैभाषिक राज्य, १९५७ निवडणूक, १ मे १९६०. सगळे पाठ आहे, तरी दीर्घोत्तरी प्रश्नात माझी नुसती यादीच होते. काय करू?*

मी काही वर्षे अशा उत्तरवह्या तपासल्या आहेत. 'त्यानंतर' हा शब्द ज्या उत्तरात प्रत्येक परिच्छेदाच्या आरंभी येतो, ते उत्तर बहुधा स्लाइडची नक्कल असते. तुमच्या कालरेषेतील लगतच्या दोन नोंदी घ्या, त्यांच्यामध्ये 'म्हणून' घाला आणि वाक्य खरे ठरते का ते पाहा. ते खरे ठरत असेल तर पहिल्या घटनेमुळे कोणाला कोणता निर्णय घेणे भाग पडले, हे एका वाक्यात लिहून काढा, कारण गुण त्या वाक्याला असतात.

तुमच्या स्लाइडवरच या कसोटीला न उतरणारी एक जोडी आहे. नागपूर करार झाला, म्हणून केंद्राने राज्य पुनर्रचना आयोग नेमला, असे म्हणता येत नाही. आयोगामागचे निकटचे कारण महाराष्ट्राबाहेर घडले. स्वतंत्र आंध्रासाठी उपोषण करणारे पोट्टी श्रीरामुलू डिसेंबर १९५२ मध्ये मृत्यू पावले, तेथे उसळलेल्या क्षोभामुळे १ ऑक्टोबर १९५३ रोजी आंध्र राज्य द्यावे लागले, आणि एका भाषेला राज्य दिल्यावर इतरांची मागणी नुसती टाळणे केंद्राला कठीण झाले. स्लाइडवर महाराष्ट्राच्याच घटना असल्यामुळे हा दुवा तुम्हाला दिसत नाही; तो बाहेरून आणावा लागतो.

मग नागपूर कराराचे काय करायचे? त्याचे स्थान वेगळ्या धाग्यात आहे. विदर्भातील व मराठवाड्यातील नेत्यांना एकत्रित राज्यात आपला भाग मागे पडेल अशी शंका होती, म्हणून त्यांना आश्वासने देणारा हा करार झाला. विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपूरला भरते, हा त्याचा परिणाम राज्यस्थापनेनंतर दिसतो. म्हणजे या नोंदीपासूनचा बाण शेजारच्या नोंदीकडे न जाता थेट १९६० च्या पलीकडे जातो. कागदावर असे बाण खरोखर काढून पाहावेत. कोणती नोंद कोणाशीच जोडली जात नाही, हे लगेच कळते.

नोव्हेंबर १९५५ च्या गोळीबाराबाबत उलटी चूक होते. मुले त्यालाच चळवळीचे कारण ठरवतात. मागणी तर १९४६ पासूनची होती. मुंबई महाराष्ट्रापासून तोडून वेगळे राज्य करण्याच्या प्रस्तावाविरुद्ध लोक रस्त्यावर आले आणि २१ नोव्हेंबरला फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला. त्याने मागणी निर्माण झाली नाही, तर चळवळीचे स्वरूप बदलले. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली, पुन्हा गोळीबार झाले, आणि अर्ज-विनंत्यांच्या मार्गावरचा विश्वास उडाल्यामुळे समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष व शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन हे एरवी परस्परांशी न पटणारे पक्ष समितीत एकत्र आले. भाषिक आकांक्षा हे मूळ कारण आणि गोळीबार हे चळवळीला वेग देणारे कारण, असा भेद शब्दांत स्पष्ट करा.

शेवटच्या दोन नोंदींमध्ये तीन वर्षांचे अंतर आहे, आणि उत्तराची खोली येथे कळते. १९५७ मध्ये समितीने मुंबई व पश्चिम महाराष्ट्रात मोठे यश मिळवले, तरी विदर्भ, मराठवाडा आणि गुजरात यांच्या बळावर काँग्रेसचे बहुमत टिकले. म्हणून द्वैभाषिक लगेच मोडले नाही. परिच्छेद पुढीलप्रमाणे लिहिता येईल:

"१९५७ च्या निकालाने सत्तांतर घडले नाही, परंतु द्वैभाषिक राज्य मराठी मतदारांना मान्य नाही हे त्यातून सिद्ध झाले. गुजरातमध्येही महागुजरात चळवळीमुळे हीच स्थिती असल्याने द्वैभाषिकाचा पाठीराखा कोणत्याच बाजूला उरला नाही. परिणामी, पुढील निवडणुकीत दोन्हीकडे फटका बसू नये म्हणून काँग्रेस नेतृत्वाने आपली भूमिका बदलली आणि १ मे १९६० रोजी दोन राज्ये अस्तित्वात आली."

या परिच्छेदात तारीख एकच आहे, पण तीनही वाक्यांत कोणीतरी काहीतरी करण्यास भाग पडल्याचे दिसते. प्रश्न 'परिणाम सांगा' असा असेल, तर आयोगापर्यंतचा सारा भाग दोन-तीन ओळींत आटोपा आणि बेळगावचा सीमाप्रश्न घ्या, कारण न सुटलेली मागणी हाही परिणामच असतो.